एक्स-रे स्वच्छ होता, तरी हाड चिरलेलं होतं

आषाढी झाली की आमच्या अस्थिरोग ओपीडीत वारीहून परतलेले पाय दुखवून घेऊन येतात. त्या सकाळी आलेल्या मावशी पन्नाशी उलटलेल्या, आळंदीपासून दिंडीबरोबर चालत गेलेल्या. उजवं पाऊल वरच्या बाजूने सुजलेलं.

"दिवेघाट चढले तेव्हा काही नव्हतं. जेजुरी सोडली आणि ठणका लागला. पडले नाही, पाय मुरगळला नाही, मग हाड कसं मोडेल डॉक्टर?"

वाटेत दोन दिवसांतच काढलेला एक्स-रे पिशवीत होता. तो खरंच स्वच्छ होता. शीर धरली असेल असं ऐकून मावशींनी पट्टी बांधली आणि तशाच पंढरपूरला पोचल्या.

अशा वेळी मी आधी बोटाने तपासतो. पावलाच्या वरून एकेक लांब हाड मागून पुढे दाबत गेलो. दुसऱ्या बोटाच्या हाडावर, त्याच्या मानेजवळ, म्हणजे बोटाकडच्या टोकाच्या जरा मागे आलो आणि त्यांनी पाय झटकन मागे घेतला. "इथंच! बरोबर इथंच!" बोटं माझ्या हाताविरुद्ध वर उचलायला लावली, तर त्रास नाही. बोटं उचलणाऱ्या शिरेची सूज असती तर तेव्हा दुखलं असतं, आणि दुखणं एका टिंबावर न राहता लांबट पसरलं असतं.

हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. ताण वाढला की शरीर थकलेला भाग आधी काढून टाकतं, नवं हाड मात्र सावकाश घालतं. घर आणि शेत एवढंच चालणारी बाई अचानक रोज वीसेक किलोमीटर चालू लागली, की या मधल्या काळात हाड कमकुवत असतानाच भार पडत राहतो. दुसरं हाड सगळ्यात लांब आणि मागे घट्ट अडकलेलं, म्हणून बहुधा तेच चिरतं. प्रशियन सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी कूच करून सुजलेल्या सैनिकांच्या पावलांबद्दल 1855 मध्येच लिहिलं होतं. एक्स-रेचा शोध त्यानंतर 40 वर्षांनी लागला.

केसाएवढी चीर सुरुवातीला एक्स-रेत सहसा दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी भोवती नवं हाड धरतं तेव्हा दिसते. म्हणून पुन्हा फोटो काढला. हाडाच्या बाजूला पांढुरका ढग स्पष्ट होता. मावशी आधी आल्या असत्या तर एमआरआय केला असता, किंवा चीर आहे असं धरूनच पायाला विश्रांती दिली असती.

प्लास्टर लागलं नाही. कडक तळाचा बूट, साधारण सहा आठवडे कमी चालणं, आणि पाळी गेलेली असल्याने ड जीवनसत्त्व व हाडांची घनता तपासायला सांगितली. हीच चीर करंगळीच्या हाडाच्या बुडाशी असती तर मी इतका निश्चिंत राहिलो नसतो. तिथे रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला उशीर लागतो, कधी स्क्रूही घालावा लागतो.

"कार्तिकीला चालत जाऊ का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आधी ही जागा दाबून दुखायची थांबू दे. मग पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. त्याच टिंबावर परत दुखलं तर तिथेच थांबायचं आणि मला दाखवायचं."