विहिरीतल्या उड्यांचा व्हिडिओ, वॉर्निंग अन् मग स्ट्राइक: ९० दिवसांची नोंद

मंडळी, बारव अन् जुन्या विहिरींच्या यूट्यूब चॅनलची नोंद यावेळी उशिरा टाकायलोय, कारण मधे चॅनलला स्ट्राइक लागला होता, म्हणजे यूट्यूबचे नियम मोडल्याची शिक्षा. काय झालं ते तारखांसकट लिहून ठेवतो, कारण गावाकडच्या विहिरी शूट करणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं.

९ मार्च. उन्हाळ्यात आपल्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून, ते मी शूट केलं होतं सेलूजवळच्या एका मळ्यात. तो व्हिडिओ काढून टाकला गेला अन् वॉर्निंग आली, मुलांच्या सुरक्षेचं धोरण मोडलं म्हणून. पहिल्यांदा मोडलं की बहुतेक वेळा वॉर्निंगच येते, चॅनलवर काही बंद होत नाही. माझी चूक अशी झाली की मेल आला तो मी खोटा समजून सोडून दिला. स्ट्राइकच्या नावानं लिंक दाबायला लावणारे फसवे मेल लै फिरतात, म्हणून मेलवर विश्वास न ठेवणं बरोबरच होतं, पण त्याच्यानंतर यूट्यूब स्टुडिओ स्वतः उघडून बघायला पाहिजे होतं अन् तेवढंच मी केलं नाही.

बघायचं कसं तर मेलमधली लिंक अजिबात दाबायची नाही, आपण स्वतः ब्राउझरमधे पत्ता टाकायचा:

```
studio.youtube.com
```

उघडलं की डॅशबोर्ड दिसतो. काही उल्लंघन असेल तर तिथंच `Channel violations` नावाचं कार्ड असतं, वॉर्निंग हाय का स्ट्राइक अन् कोणत्या धोरणावरून ते त्यातून कळतं. मग डावीकडं `Content` मधे जाऊन `Restrictions` चा रकाना बघायचा, कोणत्या व्हिडिओला काय लागलं ते तिथं दिसतं. पण त्या रकान्यात काही दिसलं म्हणजे स्ट्राइकच असं नसतं बरं का. पार्श्वसंगीतावरून आलेला कॉपीराइट क्लेम किंवा वयाची अट पण तिथंच दिसते, अन् ती स्ट्राइक नसते. कॉपीराइट स्ट्राइकची मोजणी तर एकदम वेगळी, ती धोरण मोडल्याच्या स्ट्राइकमधे धरत नाहीत.

वॉर्निंगसोबत एक छोटं ट्रेनिंग घ्यायची सोय मिळते. ते घेतलं अन् पुढचे ९० दिवस तेच धोरण परत मोडलं नाही तर वॉर्निंग निघून जाते. मी मेलच खोटा धरला होता त्यामुळं ट्रेनिंग घेतलं नाही, अन् ट्रेनिंग न घेता वॉर्निंग आपोआप जात नाही, चॅनलवर बसून राहते.

४ मे. दुसरा व्हिडिओ गेला अन् यावेळी स्ट्राइक. ह्याच्यात आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं, पाठीला ना डबा ना भोपळा, काठावरून खाली मुटका मारतंय, अन् मागून माझाच आवाज, "अजून वरून मार रे". आपल्याला वाटतं गावातली रोजची गोष्ट हाय, पण बघणाऱ्याला काय दिसतं तर लहान मूल धोक्याचं काम करायलंय अन् मोठा माणूस त्याला चढवायलाय. धोरण नेमकं ह्याच्याच विरोधात हाय.

पहिल्या स्ट्राइकला १ आठवडा बंदी. अपलोड नाही, लाइव्ह नाही, पोस्ट नाही, थंबनेल बदलता येत नाही, प्लेलिस्टला पण हात लावता येत नाही. जुने व्हिडिओ चालू राहतात. माझं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं, वालूरच्या चक्राकार बारवेचा व्हिडिओ ७ मेला शेड्यूल करून ठेवला होता तो प्रायव्हेट झाला, अन् आठवडा संपल्यावर तो आपोआप लागत नाही, परत आपल्या हातानं शेड्यूल करावा लागतो. मी ११ मेची संध्याकाळ वाट बघत बसलो, १२ ला लक्षात आलं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ ज्याचा होतो ते. बंदी ७ दिवसांनी उठली म्हणजे स्ट्राइक गेला असं नाही. स्ट्राइक लागल्या दिवसापासून ९० दिवस राहतो, म्हणजे माझा ४ मेचा २ ऑगस्टपर्यंत. त्याच्या आत दुसरा लागला असता, समजा २० जुलैला, तर २ आठवडे बंदी, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत, अन् त्या दुसऱ्याचे ९० दिवस वेगळे, १८ ऑक्टोबरपर्यंत. पहिला त्याच्या त्याच्या तारखेला जातो, दुसरा त्याच्या. एकाच ९० दिवसात तीन झाले की चॅनलच कायमचं काढून टाकतात. अन् दिवस मोजायचे ते स्ट्राइक लागल्याच्या तारखेपासून, व्हिडिओ टाकल्याच्या तारखेपासून नाही. त्यामुळं चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पण आज स्ट्राइक देऊ शकतो.

पुतण्या म्हणला, "काका, व्हिडिओ डिलीट करून टाका, स्ट्राइक जाईल." जात नाही, डिलीट केलं तरी राहतोच. मग म्हणला माझ्या चॅनलवरून टाकू वालूरचा, आठवडाभराचा तर प्रश्न हाय. त्याला तिथल्या तिथं नको म्हणलं. बंदीच्या काळात दुसऱ्या चॅनलवरून तेच काम करणं म्हणजे बंदी चुकवणं धरलं जातं अन् त्यावरून चॅनल जाऊ शकतं, एक आठवड्यासाठी एवढी जोखीम कोण घेईल.

अपील करता येतं, स्ट्राइक लागल्यापासून ९० दिवसांच्या आत, त्याच कार्डवरून. पण एका स्ट्राइकला एकदाच, म्हणून दाबायच्या आधी व्हिडिओ काय होता ते आठवून धोरणाच्या मजकुराशी लावून बघायचं. अपील मान्य झालं तर व्हिडिओ परत येतो अन् स्ट्राइक निघतो, नाहीतर दोन्ही आहे तसंच. मी माझं फुटेज हार्डडिस्कवरून काढून शांतपणे तीनदा बघितलं अन् अपील केलं नाही. "अजून वरून मार" ह्याला माझ्याकडं काहीच उत्तर नव्हतं.

त्याच्याऐवजी १३ मेपासून रोज रात्री जुने व्हिडिओ तपासत बसलो, विहीर अन् लहान पोरं एका फ्रेममधे असतील असे सगळे. चार सापडले. आधी वाटलं प्रायव्हेट करून ठेवावं, पण धोरण प्रायव्हेट अन् अनलिस्टेड व्हिडिओला पण लागू असतं, म्हणून सरळ डिलीट केले. डिलीट केलेल्या व्हिडिओवरून पण स्ट्राइक येऊ शकतो असं नियमात हाय, तरी चॅनलवर ठेवण्यापेक्षा हे बरं. त्यातला एक माझा लै आवडता होता, २ लहान बहिणी एकमेकींचा हात धरून पायऱ्या उतरायच्या अन् मग पाण्यात. मूळ फाइल ठेवलीय घरी.

३ ऑगस्ट. सकाळी स्टुडिओ उघडला, स्ट्राइक दिसत नाही. आता दर रविवारी डॅशबोर्ड बघायची सवय लावून घेतलीय, मेल येवो न येवो.

पोहायला शिकण्याचा विषय मात्र सोडला नाही. परवा आमच्या इकडच्या एका आजोबांना मळ्यात बसवून शूट केलं, त्यांनी लै जणांना पोहायला शिकवलंय. भोपळा किती वाळलेला पाहिजे, डब्याचं झाकण कसं बंद करायचं, दोरी छातीवर कुठं घ्यायची अन् गाठ कशी मारायची, सगळं त्यांच्या हातांवर कॅमेरा ठेवून घेतलं. पाण्यात उतरायच्या वेळी डबा बांधून मीच उतरलो. एडिटिंग अर्धं झालंय, विहिरीत आवाज घुमतो तो कमी कसा करायचा ते कुणाला जमत असेल तर सांगा.