बल्बने पकडलेलं टायमिंग

सिंगल सिलिंडर, हवेवर थंड होणारं चार स्ट्रोकचं इंजिन, कार्ब्युरेटर आणि बॅटरी-कॉइलवर चालणारं पॉइंटचं इग्निशन. गाडी जुनी, पण नीट राखलेली. तक्रार एकच होती: मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, पण गर्दीत वीसेक मिनिटं रांगत गेली की ताकद जाते, इंजिन जड होतं आणि बंद पडतं. अर्ध्या तासाने एका किकमध्ये सुरू होते. ऑइल पाहिलं होतं, पातळी बरोबर होती, असं मालकाचं म्हणणं होतं.

गाडी हातात आल्यावर दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरल्या. सायलेन्सरचा बेंड पाइप हेडजवळ निळा पडला होता आणि रेस खूप वाढवून ठेवलेली होती. टॅकोमीटर लावला तर आयडलिंग 1900, या इंजिनाला 1300 पुरे. रेसचा स्क्रू एवढा आत असेल तर आधी काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते कोणीतरी स्क्रूने झाकलेलं असतं.

तिसरी गोष्ट कानाला जाणवली, म्हणजे जाणवायला हवी होती ती जाणवली नाही. एवढं तापणारं इंजिन ओढताना सहसा काही मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेट घेऊ लागतं आणि कडकड ऐकू येते. इथे पूर्ण थ्रॉटलवरही कडकड नव्हती. तापतं आहे पण कडकडत नाही, याचा अर्थ बहुधा ठिणगी उशिरा पडते आहे. उशिराच्या ठिणगीने कडकड कमी होते, उष्णता मात्र वाढते. मिश्रण नेमकं जळायला हवं तेव्हा जळत नाही. पिस्टन खाली निघाल्यावरही ते जळतच राहतं, सिलिंडरची जास्त भिंत उघडी पडलेली असताना तिला चटके देतं आणि उरलेली आग एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बेंड पाइपमध्ये शिरते. पाइप निळा पडण्याचं हे एक नेहमीचं कारण.

पण हा अंदाज झाला. माप हवं म्हणून प्लगच्या वायसरच्या जागी थर्मोकपलची रिंग बसवली. इंजिन थंड करणाऱ्या पाकळ्यांवर लेझरचं थर्मामीटर रोखून चालत नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर ते बरंच कमी दाखवतं. चाचणी ठरवली ती अशी: मोकळ्या आवारात पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने पंधरा मिनिटं, अधूनमधून अर्धा मिनिट उभं. इंजिन गार असतानाच व्हॉल्व्हची फट आणि कॉम्प्रेशन तपासून घेतलं. दोन्ही ठीक. प्लगवर अॅल्युमिनियमचे बारीक कणही नव्हते, म्हणजे पिस्टन अजून शाबूत होता. पंधराव्या मिनिटाला रिंगने 238 अंश दाखवले आणि काटा चढतच होता. हा आकडा रिंगच्या जागेवर अवलंबून असतो, दुसऱ्या गाडीशी त्याची तुलना करू नये. पण त्याच गाडीवर, त्याच जागी आधी आणि नंतर काय दिसतं, हे तो खरं सांगतो.

इंजिन गरम होतं तेव्हाच ऑइल मोजपात्रात काढलं. केसिंगवर एक लिटर लिहिलेलं, निघालं 650 मिली. पातळ, काळं, जळका वास. मग मालकाला बरोबर दिसलेली पातळी कुठून आली? त्याने गाडी साइड स्टँडवर ठेवून, डिपस्टिक आटे फिरवून पूर्ण आत बसवून पाहिली होती. या इंजिनात गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून, डिपस्टिक आट्यांवर नुसती टेकवून पाहायची असते. आटे फिरवले की काठी खोल जाते आणि नसलेलं ऑइल दिसतं. काही गाड्यांत मात्र आटे फिरवूनच पाहायचं असतं, म्हणून त्या गाडीचं पुस्तक बघावं.

हवेवरच्या इंजिनात ऑइल नुसतं घर्षण कमी करत नाही. पिस्टनच्या पोटाची आणि हेडमधली उष्णता तेच उचलतं आणि केसिंगला देतं. एक-तृतीयांश कमी झालं की उरलेलं ऑइल पुन्हा लवकर वर जातं, त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही. शिवाय गर्दीतल्या अर्ध्या क्लचची उष्णताही त्याच ऑइलमध्ये येते, कारण क्लच त्यातच बुडालेला. नवं ऑइल पूर्ण मापाने भरलं, इंजिन गार होऊ दिलं आणि तीच चाचणी घेतली. 231 अंश. चढ मंदावला, पण थांबला नाही. ऑइल भरून गाडी परत दिली असती तर तक्रार आठवड्यात पुन्हा आली असती.

आता टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. इथे दोन मापांनी एकमेकांविरुद्ध साक्ष दिली आणि माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच. ठिणगीबरोबर चमकणारी स्ट्रोब लाइट लावली तर फ्लायव्हीलवरची F ची खूण, म्हणजे आयडलिंगला ठिणगी पडायची जागा, केसिंगवरच्या खुणेच्या जवळजवळ समोर. म्हणजे टायमिंग बरोबर? मग रेस 4000 पर्यंत नेली, तर पूर्ण अॅडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी सगळ्यात लवकर पडायची जागा दाखवणाऱ्या दोन रेषा खुणेपर्यंत पोचतच नव्हत्या. एवढ्यावर कुणीही म्हणेल की वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा अॅडव्हान्सर अडकला, त्याची वजनं साफ करा. मी आधी इंजिन बंद करून बल्बने पाहिलं. बारा व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला जोडायचा, इग्निशन चालू करायचं आणि फ्लायव्हील हाताने सरळ दिशेने हळू फिरवायचं. पॉइंट उघडले की बल्ब लागतो आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. बल्ब लागला तेव्हा F निघून गेला होता आणि पिस्टन सगळ्यात वर, म्हणजे टॉप डेड सेंटरला, असल्याची T ची खूण यायची होती. खूण दोघांच्या साधारण मध्यावर. या इंजिनात F टॉप डेड सेंटरच्या 15 अंश आधी आहे, म्हणजे ठिणगी सात-आठ अंश उशिरा.

मग स्ट्रोबने खोटं सांगितलं का? नाही. आयडलिंग 1900 ला होतं आणि या वेगाला अॅडव्हान्सरची वजनं बाहेर पडू लागलेली असतात. त्यांनी जे सात-आठ अंश दिले त्यांनी खालची चूक नेमकी झाकली. वर 4000 ला वजनं पूर्ण बाहेर, झाकायला काही उरत नाही, म्हणून तिथे तेवढीच तूट दिसली. खाली आणि वर तूट सारखी असेल तर अॅडव्हान्सर निर्दोष असतो, सगळं टायमिंगच सरकलेलं असतं. अॅडव्हान्सर अडकला असता तर बल्बने F वर बरोबर दाखवलं असतं आणि तूट फक्त वर आली असती.

पॉइंटची फट मोजली. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंटची टाच आणून फिलर गेज घातला तर 0.35 च्या जागी जेमतेम 0.2 मिलिमीटर. टाचेचं फायबर झिजलं होतं. टाच झिजली की फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडतात, म्हणून लक्ष न दिलेल्या पॉइंटचं टायमिंग नेहमी मागेच सरकतं. झिजण्याचं कारण शेजारीच होतं: कॅम पुसणारा फेल्टचा तुकडा कोरडा ठणठणीत. नवा सेट बसवला, फेल्टवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी थोडा लेप दिला (जास्त दिलं तर पॉइंटवर उडून ते जळतात). आधी फट 0.35 ला आणली, मग बेस प्लेट किंचित फिरवून बल्ब F वर आणला. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण फट बदलली की टायमिंगही बदलतं. ज्या गाड्यांत पॉइंट नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, तिथे असं हळूहळू सरकणं होत नाही. तिथे उशिराची ठिणगी दिसली तर फ्लायव्हीलची चावी अर्धवट कापली गेली आहे का ते आधी पाहावं.

इंजिन सुरू केल्याबरोबर रेस आपोआप 2400 ला गेली. थ्रॉटलला हात न लावता. रेसचा स्क्रू मागे घेत 1300 ला आणलं, स्ट्रोबने पुन्हा पाहिलं, आता खालची आणि वरची दोन्ही खुणा जागेवर. पण या आयडलिंगला इंजिन स्थिर राहीना. थ्रॉटल सोडला की रेस उशिराने उतरायची आणि सायलेन्सरमध्ये फटफट. चोक थोडा ओढला की लगेच शांत. ही पेट्रोल कमी पडण्याची लक्षणं. तिसरी चाचणी तशीच घेतली: 207 अंश. चोवीस अंश एकट्या टायमिंगने उतरले.

गर्दीतल्या गाडीत मेन जेट पाहत बसू नये. थ्रॉटल आठव्या भागाएवढा उघडलेला असताना गाडी पायलट जेटवर चालते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर प्लग छान तपकिरी असला तरी रांगताना मिश्रण पातळ असू शकतं. इथे पायलट जेटमध्ये चिकट थर होता. भोकात तार न घालता क्लीनर आणि हवेने साफ केला. खरी चूक मात्र कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या जोडावर होती. गार इंजिन चालू करून तिथे साबणाचं पाणी शिंपडलं तर रेस क्षणभर बदलली. खोलून पाहिलं तर ओ-रिंग दगडासारखी कडक आणि कार्ब्युरेटरची फ्लँज वाकलेली, पोलादी पट्टीखाली मधोमध 0.1 चा गेज सरकत होता. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की दोन कान इंजिनकडे ओढले जातात आणि मधे फट राहते. काचेवर बारीक एमरी ठेवून फ्लँज सपाट केली, नवी रिंग घातली, नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळले.

पातळ मिश्रण जळतंही सावकाश. उशिरा पडलेली ठिणगी आणि वर सावकाश जळणारं मिश्रण, म्हणजे उशीर दोनदा. म्हणूनच प्रत्येक दोष एकटा फार मोठा नसूनही तिघांनी मिळून इंजिन बंद पाडलं. मिश्रणाचा स्क्रू इंजिन गरम असताना लावला. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण दाट होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर पातळ. इथे इंजिनाच्या बाजूला होता, पावणेदोन फेरे बाहेर असताना रेस सगळ्यात वर गेली. मग रेस पुन्हा 1300.

शेवटची चाचणी संध्याकाळी, हवेचं तापमान सकाळच्या पहिल्या फेरीएवढंच. पंधराव्या मिनिटाला 186 अंश, आणि काटा चढायचा थांबलेला.

ऑइल कुठे गेलं, ते मात्र त्या दिवशी संपलं नाही. गळती नव्हती, चालताना धूर नव्हता, पण रात्रभर उभ्या गाडीची पहिली किक मारली की निळ्या धुराचा एक झोत येतो. उष्णतेने व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. हेड उतरेल तेव्हा ते बदलायचे, तोवर दर दोनशे किलोमीटरला डिपस्टिक पाहायची, आटे न फिरवता. नव्या पॉइंटची टाच बसते तेव्हा फट थोडी कमी होते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर बल्ब पुन्हा लावायचा. आणि गर्दीत तापलीच तर इंजिन बंद करून उभं राहायचं. आयडलिंगला पाकळ्यांवर वारा नसतो, आणि तापलेल्या हेडवर पाणी ओतलं तर ते वाकतं किंवा तडकतं.