वगैरेचा उच्चार

रात्री भांडी घासताना मी सध्या ‘कोसला’ ऐकतोय. आधी दोनदा वाचून झालेली: एकदा भुसावळला बारावीनंतरच्या सुट्टीत आणि एकदा नोकरी लागल्यावर. म्हणून गोष्टीची घाई नव्हती. १९६३ सालची कादंबरी, खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो आणि शेवटी गावी परततो, हे पाठ होतं. ऑडिओबुक लावलं ते नुसतं हाताला काम आणि कानाला सोबत म्हणून.

पहिल्याच वाक्याला मी नळ बंद केला. पांडुरंग स्वतःचं वय सांगतो, तेही ‘उदाहरणार्थ’ पंचवीस. हा ‘उदाहरणार्थ’ आणि त्याचा भाऊ ‘वगैरे’ आम्ही कॉलेजात इतके वापरले होते की कँटीनचा पोऱ्याही वैतागला असेल. ‘उदाहरणार्थ चहा वगैरे’ म्हणायचं आणि ‘गै’वर जरा रेंगाळायचं. आमच्या तोंडी तो शब्द टवाळीचा होता आणि पुस्तकातही तो तसाच आहे, अशी माझी पंचवीस वर्षं खात्री होती.

वाचणाऱ्या कलाकाराने ‘वगैरे’ गिळला. वाक्य नीट चालत यायचं आणि शेवटी आवाज खाली जायचा, एखाद्याने बोलता बोलता नजर वळवावी तसा. पहिल्यांदा मला राग आला. विनोद वाया घालवतोय म्हणालो. दहा-बारा ‘वगैरे’ झाल्यावर मात्र वेगळंच ऐकू यायला लागलं. हा मुलगा जिथे खरं बोलायची वेळ येते तिथे शब्दाआड लपतोय. छापील ‘वगैरे’ला स्वतःचा सूर नसतो. तो टवाळ, लाजरा, कंटाळलेला असा सगळाच असू शकतो आणि वाचताना मी न ठरवताच पुढे सरकतो. माईकसमोर बसलेल्या माणसाला ती मुभा नाही. त्याला दर वेळी काहीतरी एक म्हणावंच लागतं.

अडचणही तिथेच आहे. या आवाजाचे उच्चार स्वच्छ, शहरी. आमच्याकडे लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. माझे मामा आजही ‘केळी’ला ‘केयी’ म्हणतात. कादंबरी काही त्या बोलीत लिहिलेली नाही, पण पांडुरंग आहे तिकडचाच. कागदावर त्याचा हेल दिसत नाही, म्हणून माझ्या डोक्यात तो कधी मामांसारखा बोलायचा, कधी होस्टेलवरच्या पोरांसारखा. ऐकताना तो पहिल्या वाक्यापासून पुण्यात मुरलेला वाटतो. मग पुण्याची थट्टा घरातल्याच माणसाने केल्यासारखी मऊ लागते आणि सांगवीची थट्टा थोडी बोचते. हाच मजकूर कुणी यावल-रावेरकडच्या हेलात वाचला असता, तर पारडं उलटं झालं असतं. कादंबरीतला एक शब्दही न बदलता.

मनीचा भाग आला तेव्हा भांडी संपून ओटाही पुसून झाला होता. ही त्याची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते आणि पांडुरंग तिच्याबद्दल बोलत राहतो. खरं सांगायचं तर दोन्ही वाचनांत मी ही पानं पळवली होती. डोळ्यांना ते जमतं. परिच्छेदाचा आकार बघून पुढे काय आहे ते कळतं आणि नजर दोन ओळी टाकून उतरते. कानाला उडी मारता येत नाही. मी सगळं १.२५च्या वेगाने ऐकत होतो, तो वेगही इथे ओंगळ वाटला. ओल्या बोटाने १ वर आणला. मग वाचणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला. एका लांब वाक्यात तो मधेच, जिथे स्वल्पविराम असेल असं वाटत नव्हतं अशा जागी, थांबला. अर्ध्या सेकंदाचं काम, पण दुःख मला तिथे सापडलं. नंतर पुस्तक काढून पाहिलं. त्या जागी खरंच काही चिन्ह नव्हतं. तो विराम लेखकाचा नव्हता, वाचणाऱ्याच्या फुफ्फुसाचा होता. दम संपला म्हणून थांबला की जाणून, हे मला कसं कळणार? त्या वाक्याचा माझा अर्थ मात्र आता त्या श्वासावर उभा आहे.

अर्थात निसटतंही पुष्कळ. कुकरच्या शिट्टीत सबंध प्रसंग जातो, तीस सेकंद मागे, पुन्हा तीस सेकंद मागे, आणि तरी हा कोण बोलतोय ते कळत नाही. पुस्तकात बोट ठेवून मागे जाता येतं. शिवाय हाताला उरलेल्या पानांची जाडी लागत नाही, त्यामुळे शेवट जवळ आलाय हे अंगाला कळतच नाही.

काल पुस्तक पुन्हा उघडलं. पहिलं पान मुद्दाम मामांच्या आवाजात वाचायला घेतलं, मोठ्याने, ‘ळ’ला ‘य’ करून. बायको आतून म्हणाली, “कोण आलंय?” पान संपेपर्यंत जमलं. दुसऱ्या पानावर एक ‘वगैरे’ आला आणि तो मी गिळला.