इस्त्रीनंतर उमटलेले डाग

कपड्यावर इस्त्रीनंतर तपकिरी डाग दिसला की तो जळल्याचाच डाग आहे, असे बहुतेक ग्राहक धरून चालतात. नागपुरातल्या मनीषनगर आणि बेसा भागातील नोकरदारांच्या घरून कपडे नेऊन ते धुऊन, इस्त्री करून परत पोहोचवण्याचे काम मी करतो. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका कोसा साडीच्या प्रकरणात मात्र हा समज किती घट्ट असतो, हे मला जवळून पाहायला मिळाले.

साडी मिहानमधील एका कंपनीत नोकरी करणाऱ्या ताईंची होती. मध रंगाचा, न रंगवलेला भंडाऱ्याकडचा कोसा आणि त्याला मरून काठ. फेब्रुवारीतल्या एका लग्नात नेसलेली ती साडी घडी घालून कपाटात ठेवली होती आणि एप्रिलमध्ये ब्लाऊजसह नुसत्या स्टीम प्रेससाठी आमच्याकडे आली. कपडे घेताना आम्ही फोटो काढतो, आणि त्या फोटोंत पदर अगदी स्वच्छ दिसत होता. इस्त्रीनंतर त्याच पदरावर बदामी रंगाचे पाच-सहा ठिपके उमटले. ताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुमच्याच फोटोत डाग नाही. मग पदर जाळला कोणी?” त्यांचा प्रश्न रास्त होता. तक्रारीच्या वेळी आमच्या बाजूने उभा राहणारा फोटो या वेळी आमच्याविरुद्ध साक्ष देत होता.

मी ठिपके भिंगाखाली पाहिले. इस्त्रीने जळलेल्या डागाला बहुधा तव्याच्या टोकाचा किंवा कडेचा आकार असतो, तो दाबलेल्या बाजूवर जास्त गडद असतो आणि तिथला धागा ठिसूळ होतो. येथे गोलसर थेंब विखुरलेले होते, प्रत्येकाची कड मधल्या भागापेक्षा गडद होती, उलट्या बाजूलाही रंग तितकाच होता आणि धागा शाबूत होता. साखर असलेले पेय सांडून वाळले की असेच दिसते. सुरुवातीला ते पारदर्शक असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कपाटात पडून ते हळूहळू पिवळे पडते आणि उष्णता लागली की एकदम तपकिरी होते. फळांतील फ्रुक्टोज ११० अंश सेल्सिअसच्या आसपासच रंग बदलू लागते, आणि रेशमावर फिरणारी इस्त्री तेवढी सहज तापलेली असते.

पण हे नुसते सांगून कोणाला पटणार? सुदैवाने ब्लाऊजची इस्त्री व्हायची होती. त्याचा खांदा मी उजेडासमोर तिरपा धरला, तेव्हा एका जागी कापड किंचित कडक आणि चकचकीत दिसले. तिथे ओला कापूस टेकवून ताईंना बोट लावायला सांगितले. बोट चिकटले. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “लग्नात संत्र्याचं सरबत सांडलं होतं खरं. पण डाग पडलाच नव्हता हो.”

पुढचे काम नाजूक होते. असा कपडा थेट ड्रायक्लीनला टाकून उपयोग नसतो, कारण ते द्रावण तेलकट डाग काढते, साखर त्यात विरघळत नाही. तिला पाणीच लागते. कोशावर मात्र पाण्याचीही कड उमटते. म्हणून आधी काठावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहिले. मग खाली सुती कापड अंथरून आरओच्या कोमट पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घातला आणि ठिपका बाहेरून आत असा टिपत गेलो, घासले कुठेच नाही. बोअरचे पाणी टाळले, कारण ते वाळल्यावर क्षारांची रेघ राहते. साखर निघाली, रंगाची छटा उरली. त्यासाठी तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितकेच पाणी घालून सौम्य केले आणि आधी फॉलच्या आतल्या दुमडीवर लावून पाहिले. पेरॉक्साइडने कोशाचा मूळ मध रंगही फिकट होतो, त्यामुळे छटा पुरती जाईपर्यंत ते लावत राहणे मला धोक्याचे वाटले. ताईंना विचारून मी मध्येच थांबलो. शेवटी ओलावा कडेने पातळ करत नेला, पदर सावलीत पंख्याखाली वाळवला आणि उलट्या बाजूने, वर कापड ठेवून, इस्त्री केली.

दोन ठिपक्यांची पुसट कड राहिली, आणि ती साडी देतानाच मी दाखवली. ब्लाऊजवरचा डाग मात्र नुसत्या कोमट पाण्याने पूर्ण निघाला, कारण त्याला अजून इस्त्रीची धग लागली नव्हती. आता आमची मुले रेशमी कपडा घेताना “यावर सरबत, कोल्ड्रिंक किंवा नारळपाणी सांडलं होतं का?” असे विचारून उत्तर चिठ्ठीवर लिहितात, आणि इस्त्रीवाले काका पदर व निऱ्या उजेडासमोर तिरप्या धरून पाहिल्याशिवाय इस्त्री हातात घेत नाहीत.