आमची वाटचाल: एकतीस मसाले, साडेपाचशे गिऱ्हाइकं आणि एक उतरती यादी

२००९ साली सासूबाईंच्या हातची चटणी विकायला सुरुवात केली, तेव्हा हिशेब म्हणजे एक शंभरपानी वही होती. आमच्या कोल्हापुरात कांदा लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. ओल्या चटणीशी तिचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, भाजलेला मसाला आणि कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. पहिल्या वर्षी चाळीस किलो विकली. पुढे गोडा मसाला आला, मालवणी आला, भाजण्या आल्या. कुणीतरी मागायचं आणि जाऊबाई म्हणायच्या, "करू की, त्यात काय!" असं करत करत यादी एकतीस पदार्थांवर कधी गेली ते कळलंच नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये पॅकिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लेबलांचे गठ्ठेच किती! काही पाकिटं छापून तीन वर्षं झाली होती, तरी संपत नव्हती. माझा भाचा शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तो जेवायला आला होता. खोली बघून म्हणाला, "मामी, तुम्ही पॅरेटो काढलाय का कधी?"

त्यांच्याकडे तो रोजचा खेळ आहे. महिन्यात जेवढं कास्टिंग रिजेक्ट होतं त्याची कारणं लिहायची, कुठे हवा अडकून पोकळी राहिली, कुठे वाळू शिरली, आणि कोणत्या कारणाने किती नग गेले ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत मांडायचं. पहिल्या दोन-तीन कारणांतच बहुतेक नुकसान सापडतं. पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांच्या उत्पन्नाची अशी विषम वाटणी दाखवली होती. कारखान्यातल्या दोषांना त्याचं नाव चिकटवलं ते जोसेफ ज्युरान या गुणवत्तेच्या जाणकाराने, आणि त्यानेच पुढे कबूल केलं की हे श्रेय पॅरेटोला देण्यात आपली जरा चूक झाली. मला ही कबुली फार आवडली. पण आमच्या पुढ्यात प्रश्न नुकसानाचा नव्हता, विक्रीचा होता. भाच्याचं म्हणणं, रीत तीच.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून वर्षभराच्या ऑर्डरी काढल्या, एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. साधारण दीड हजार ऑर्डरी होत्या. एकूण रकमेच्या रकान्याची बेरीज मारली तर आली एक कोटी सतरा लाख. मी आणि जाऊबाई एकमेकींकडे बघतच राहिलो. एवढे पैसे गेले कुठे?

गेले नव्हते, आलेच नव्हते. त्या फाइलमध्ये ऑर्डरीतल्या प्रत्येक पदार्थाची एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीपुढे अख्ख्या ऑर्डरीची रक्कम परत परत छापलेली असते. चार पदार्थांची ऑर्डर चार वेळा मोजली गेली होती. त्यात जीएसटी धरलेला, कुरिअरचे पैसे धरलेले, रद्द झालेल्या ऑर्डरीही तशाच. मग एकूण रकमेचा रकाना सोडून दिला आणि नग गुणिले दर, वजा सूट, असा प्रत्येक ओळीचा हिशेब घेतला. बेरीज आली ३८ लाख ४० हजार. जीएसटीच्या विवरणपत्रांतला आकडाही तोच. हा ताळा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढं सांगून भाचा कामाला निघून गेला.

खरा वेळ गेला तो नावं निस्तरण्यात. पहिल्या यादीत अठ्ठावन्न ओळी होत्या, कारण शंभर ग्रॅमचं पाकीट वेगळं, अर्ध्या किलोचं वेगळं, खानावळींची पाच किलोची पिशवी वेगळी. वर आम्हीच एक गोंधळ घालून ठेवला होता. गावातल्या बिलांवर "कोल्हापुरी चटणी" आणि पुण्या-मुंबईच्या बिलांवर "कांदा लसूण मसाला". एकाच पातेल्यातला माल दोन नावांनी यादीत, आणि तुकडे झाल्यामुळे चटणीचा खरा वाटा दिसतच नव्हता. गिऱ्हाइकांचंही तेच. एकाच घरातून कधी सासूच्या फोनवरून ऑर्डर यायची, कधी सुनेच्या. ६१२ नावं होती, पत्ते ताडून बघितल्यावर ५३८ उरली. हे काम यंत्राने होत नाही. जाऊबाईंना आवाजावरून गिऱ्हाईक ओळखता येतं, म्हणून झालं.

मग पदार्थांची एकतीस नावं, पुढे वर्षाची विक्री, मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरती. तिसऱ्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलं:

```
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$32)
```

म्हणजे प्रत्येक ओळीपाशी, इथपर्यंतच्या सगळ्या पदार्थांनी मिळून एकूण विक्रीचा किती वाटा उचलला, ते दिसतं. चटणी एकटीच १२ लाख १० हजार, साडेएकतीस टक्के. गोडा मसाला मिळवला की जवळपास निम्मं. मालवणीपाशी एकसष्ट, लाल तिखटापाशी एकाहत्तर, थालिपीठाच्या भाजणीपाशी सत्याहत्तर. सहावी लसणाची सुकी चटणी आली आणि एक्क्याऐंशी टक्के झाले. उरलेले पंचवीस पदार्थ मिळून एकोणीस टक्के.

एकतीसातले सहा म्हणजे पाचवा हिस्सा, त्यात ऐंशी टक्के विक्री. अगदी पुस्तकात सांगतात तसं, वीस टक्क्यांत ऐंशी टक्के, बसलं म्हणून मी खूश झाले, पण तो योगायोग होता. गिऱ्हाइकांच्या यादीत ५३८ पैकी ७१ जणांतच, म्हणजे तेरा टक्क्यांतच, ऐंशी टक्के विक्री आली. वीस आणि ऐंशी यांची बेरीज शंभर होते म्हणून लोकांना वाटतं की ती व्हायलाच हवी. पण एक आकडा माणसांचा आणि दुसरा पैशांचा, त्यांची बेरीज करण्यात काही अर्थच नाही. वरच्या चौदा गिऱ्हाइकांनी, खानावळी आणि दुकानदार मिळून, छप्पन्न टक्के माल उचलला होता. आणि सगळ्यात वर पुण्यातली एक खानावळ, चार शाखांची. एकटीचे ६ लाख ९१ हजार, अठरा टक्के.

यादी हातात आल्या आल्या आम्ही चूक करायला निघालो होतो. खालचे बारा पदार्थ बंद करून टाकायचे, असं ठरवूनही टाकलं. त्यात मेतकूट होतं. वर्षाची विक्री ४१ हजार, एक टक्का. जाऊबाई मात्र अडून बसल्या. त्यांच्या मते मेतकूट घेणारी बाई कधी एकटं मेतकूट घेत नाही.

म्हणून दुसरी चाळणी लावली. मेतकूट असलेल्या सगळ्या ऑर्डरी काढल्या आणि या वेळी मेतकुटाची रक्कम न बघता पूर्ण ऑर्डरीची बघितली. अशा ११८ ऑर्डरी निघाल्या, सरासरी सोळाशे रुपयांच्या. आमची नेहमीची घरगुती ऑर्डर साडेआठशेच्या आसपास असते. मेतकुटाबरोबर गोडा मसाला जातो, भाजणी जाते, घरात लहान मूल नाहीतर म्हातारं माणूस असतं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ऑर्डर येते. विक्रीच्या उतरत्या यादीत यातलं काहीच दिसत नाही, कारण ती यादी पदार्थ सुटे सुटे मोजते.

आणि विक्री म्हणजे सुटलेले पैसे नव्हेत, हे तर त्याहून मोठं. पुण्याच्या खानावळीला चटणी ४३० रुपये किलोने जात होती. आम्हाला ती पिशवीत भरून ३८५ ला पडायची. किलोमागे पंचेचाळीस रुपये. सोळाशे किलोंवर वर्षाला सुटले ७२ हजार. उधारी दोन महिन्यांची, म्हणजे कायम एक लाख पंधरा हजारांच्या आसपास त्यांच्याकडे अडकलेले आणि बँकेच्या कर्जावर बारा टक्के व्याज आमच्या बोकांडी. ते चौदा हजार वजा केले की राहिले अठ्ठावन्न हजार. तिकडे मेतकूटवाल्या ११८ ऑर्डरी मिळून पावणेदोन लाखांच्या थोड्या वरच जातात, पण किरकोळीत रुपयामागे अठ्ठावीस पैसे सुटतात आणि पैसे आधी येतात. म्हणजे ५३ हजारांच्या आसपास. जवळपास तेवढेच! एकाकडे बघून आम्ही दचकून राहत होतो, फोन आला की हातातलं काम टाकून पिशव्या भरत होतो, आणि दुसऱ्यांना बंद पदार्थांच्या यादीत टाकलं होतं.

मग तोच कागद विक्रीऐवजी सुटलेल्या पैशांवर पुन्हा मांडला. चटणी पहिलीच राहिली, पण भाजणी पाचवरून तिसऱ्यावर आली. खानावळ पहिल्यावरून चौथ्यावर गेली.

खानावळीच्या मालकांशी मी स्वतः बोलले. दर ४५५ केला, उधारी एक महिन्याची. त्यांना आवडलं नाही. "ताई, बाजारात याहून स्वस्त मिळतं," म्हणाले. मिळतं हे मलाही माहीत होतं. त्यांनी माल पाव हिश्शाने कमी केला आणि पुढच्या वर्षी बाराशे किलोवर आले. त्यांच्याकडची विक्री साडेपाच लाखांच्या खाली आली, पण मिरचीचा भाव फारसा हलला नाही म्हणून किलोमागे सत्तर रुपये सुटले आणि वर्षाचे ८४ हजार झाले. आमचा एकूण विक्रीचा आकडा मात्र त्या वर्षी घसरला, आणि बँकेच्या साहेबांना ते समजावताना माझी दमछाक झाली.

बारापैकी सातच पदार्थ बंद केले. जे कुणाच्या बरोबर जात नव्हते आणि ज्यांत सुटतही नव्हतं, तेवढेच. चकलीची भाजणी वाचली, तीही थोडक्यात. मध्ये एकदा मी उत्साहाने फक्त जानेवारी ते मार्चचा कागद काढला होता, त्यात ती शून्यावर होती. दिवाळीच्या महिन्यात हीच भाजणी दुसऱ्या नंबरवर असते. उन्हाळ्याचे तीन महिने घेतले तर चटणी निम्म्याहून जास्त दिसते, कारण वर्षाचा साठा लोक तेव्हाच भरतात. तेव्हापासून कागद पूर्ण बारा महिन्यांचाच काढतो, पाडव्याच्या आसपास, जीएसटीचा ताळा जुळल्यावर.

यंदाची यादी पॅकिंगच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. पहिल्या सहांत मेतकूट अर्थातच नाही. जाऊबाईंनी ते खाली पेन्सिलीने लिहून पुढे "विचारल्याशिवाय बंद करू नये" असं लिहिलंय, आणि परवा लेबलवाल्याला पाचशेऐवजी हजार लेबलांची ऑर्डरही देऊन आल्या आहेत.