आमची वाटचाल: एका ऑर्डरचे तीन दावेदार

धंदा लहान होता तोवर ऑर्डर कुठून आली हे विचारायची वेळ आली नाही. मग सोशल मीडियावर जाहिराती सुरू झाल्या, पाठोपाठ सर्चवर, आणि ईमेलही जाऊ लागले. एका महिन्यात तिन्ही डॅशबोर्डवरच्या ऑर्डरींची बेरीज ७१० आली. आमच्या बिलिंगमध्ये ऑर्डरी होत्या ५००.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. ऑर्डर आपल्या नावावर लावायची मेटाची डिफॉल्ट मुदत क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर १ दिवस. गूगल अ‍ॅड्सची क्लिकनंतर ३० दिवस. सोमवारी रील पाहून, बुधवारी आमचं नाव सर्च करून, गुरुवारी ईमेलमधल्या लिंकवरून खरेदी करणारं गिऱ्हाईक प्रत्येकाच्या नियमात बसतं. एकाला दुसऱ्याचं क्लिक दिसत नाही, त्यामुळे तिघंही ऑर्डर पूर्ण आपल्या नावावर लावतात.

म्हणून आम्ही हिशोब बिलांवरून मांडायला लागलो. जाहिरातींचा एकूण खर्च ३ लाख, ऑर्डरी ५००, म्हणजे ऑर्डरमागे ६००. डॅशबोर्डवर एवढा मोठा आकडा कुठेच दिसत नव्हता. त्याच महिन्याची विक्री १५ लाख, तिला ३ लाखांनी भागलं की ५ येतात. एकूण विक्री भागिले जाहिरातींचा एकूण खर्च, या आकड्याला मार्केटिंग एफिशियन्सी रेशो, थोडक्यात एमईआर म्हणतात. माल, पॅकिंग, कुरिअर आणि पेमेंटचं कमिशन वजा जाता आमच्याकडे विक्रीच्या ४० टक्के उरतात, त्यामुळे २.५ एमईआरला जाहिरातीचा खर्च जेमतेम निघतो. विक्री धरताना परत आलेला आणि रद्द झालेला माल आधी वगळायचा, नाहीतर हा आकडाही फुगतो.

आमच्या मते खरी गोम पुढच्या महिन्यात कळली. खर्च १ लाखाने वाढवून ४ लाख केला. डॅशबोर्डवरच्या ऑर्डरी ७१० वरून ८९० झाल्या, बिलं मात्र ५०० वरून ५४०. विक्री १६ लाख २० हजार, एमईआर ४.०५. २.५ च्या बराच वर, तेव्हा सगळं ठीकच वाटावं. पण वाढीव १ लाखाचा हिशोब वेगळा काढला, तर त्यातून विक्री वाढली १ लाख २० हजारांनी, आणि त्यातले हाती उरले ४८ हजार. जुन्या खर्चाच्या चांगल्या सरासरीखाली नवा तोटा झाकला गेला होता. तेव्हापासून खर्च वाढवला की एमईआरच्या शेजारी वाढीव विक्री भागिले वाढीव खर्च हा आकडा लिहितोच. सणासुदीचा महिना साध्या महिन्याशी मात्र ताडून पाहत नाही. मागणीच वाढलेली असली तर श्रेय जाहिरातीला देता येत नाही.

कोणता प्लॅटफॉर्म कमी करायचा, हे एमईआर सांगत नाही. त्यासाठी आमच्याच नावाच्या सर्चवरची जाहिरात निम्म्या भागांत काही आठवडे बंद ठेवली आणि उरलेल्या भागांत चालू. बंद भागांत सर्चच्या जाहिरातीच्या नावावरच्या ऑर्डरी जवळजवळ संपल्या, पण बिलं चालू भागांइतकीच राहिली. ती लोकं आमचं नाव शोधतच आली होती. तेवढा खर्च आता आम्ही करत नाही.