सगळ्यांचा एकच प्रश्न चुकला

एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी अनुपालन विभाग बघतो. केवायसी आणि मनी लाँडरिंगवरची ऑनलाइन परीक्षा आमच्याकडे दरवर्षी सगळ्यांना द्यावीच लागते. वीस प्रश्न असतात आणि सोळा बरोबर आले की पास. यंदा सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या शाखेचा निकाल उघडला आणि चक्रावलो. शाखेतले सातही जण एकोणीस गुणांनी पास. सातही जणांचा चुकलेला प्रश्न एकच, बारावा. टिचकी मारलेला चुकीचा पर्यायही एकच, 'ब'. आणि पेपर सोडवायला कुणालाच पाच मिनिटांच्या वर लागली नव्हती. तेवढ्यात प्रश्न नुसते वाचूनही होत नाहीत.

बारावा प्रश्न यंदा बदलला होता. आधी तिथं विचारलं होतं, ग्राहकाची कागदपत्रं जुनी झाली तर काय कराल? उत्तर होतं 'ब', ग्राहकाला कळवून नवी मागवा. यंदाचा प्रश्न असा की, एखाद्या खात्याचा संशयास्पद व्यवहार अहवाल, म्हणजे एसटीआर, पाठवायचं ठरलं तर काय कराल? इथला 'ब' म्हणत होता, ग्राहकाला तसं सांगून खुलासा मागवा. नेमकं हेच करायचं नसतं. अहवाल गेला किंवा जाणार आहे, ही गोष्ट गोपनीय ठेवायची हे नियमातच आहे. कुणीतरी ग्रुपवर गेल्या वर्षीची अक्षरं टाकली होती आणि सगळ्यांनी ती उतरवली होती.

शाखेला फोन लावणार, तोच व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, तुम्ही विचारलेलं ते हमालाचं खातं. सगळे पैसे गेले. मोबाईलही बंद येतोय."

खातं असं होतं. बचत खातं, व्यवसाय हमाली. महिन्यात बावीस वेळा रोख भरणा, प्रत्येक वेळी ४९,०००. बेरीज १० लाख ७८ हजार. भरलेल्यातली बरीच रक्कम त्याच संध्याकाळी परराज्यातल्या तीन खात्यांत जायची. ५० हजारांच्या वर रोख भरली की पॅन द्यावा लागायचा, म्हणून हा आकडा. महिन्याची रोख १० लाखांच्या वर गेली की सीटीआर, म्हणजे रोख व्यवहारांचा अहवाल निघतो, ते सिस्टीम बघते. पण हळदीच्या पेठेत रोख काही नवलाची नाही, आणि रोख जास्त म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. संशयाला हवी ती माणसाची नजर. मी शाखेत जाऊन भरणा पावत्या काढल्या, तर भरणारे वेगवेगळे, सह्या वेगवेगळ्या, पण अक्षर एकाच हातचं. हे कुठल्याही सिस्टीमला दिसणार नव्हतं. कॅशियरला रोज दिसत होतं.

कॅशियर पोरगा सरळ होता. म्हणाला, "मीच सांगितलं वो त्यांना. म्हटलं, वरनं विचारणा आलीय, तुमचा रिपोर्ट जाणाराय, कागद आणून द्या. गिऱ्हाईक आहे, अंधारात कशाला ठेवायचं?"

"परीक्षेत हाच प्रश्न होता की."

"पास आहे की साहेब मी."

त्याला खोटं बोलायचं नव्हतं, हे मला आजही पटतं. पैसे कुठून आले, कशाचे आहेत, हे ग्राहकाला नेहमीच्या चौकशीसारखं विचारता येतं. विचारायलाच हवं. अहवालाचा उल्लेख मात्र करायचा नाही आणि गोष्ट आत, असे अहवाल पाठवणाऱ्या प्रिन्सिपल ऑफिसरकडे द्यायची. एवढा फरक त्या एका प्रश्नात होता. तो स्वतः सोडवताना चुकला असता तरी चाललं असतं, कारण चुकीचं उत्तर दिलं की खाली चार ओळींत कारण येतं. त्यानं तेही न वाचता पुढचं बटण दाबलं होतं. एकोणीस गुण मिळाल्यावर कोण वाचतो?

एसटीआर आम्ही पाठवला. संशय पक्का झाल्यापासून जी मुदत असते, ती पाळली. पण पैसे निघून गेल्यावर तपासणाऱ्यांच्या हाती उरतो तो कागद.

वरिष्ठांना त्या पोरावर मेमो हवा होता. मी आधी निकाल रद्द करायला लावला. माझ्या दृष्टीनं त्या परीक्षेचा उपयोग पास-नापासपुरता नाहीच. कुठल्या शाखेला काय कळलेलं नाही, हे मला त्यातून हवं असतं. एकोणीस-एकोणीस गुणांच्या यादीवरून मी सांगलीत कशाचं प्रशिक्षण देणार होतो?

पहिल्या शनिवारी काउंटर बंद झाल्यावर सातही जणांना परत बसवलं. मोबाईल टेबलावर, पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा. या युक्तीलाही मर्यादा आहेच. अक्षरांऐवजी अख्खी उत्तरं फिरली की क्रम बदलून भागत नाही. या वेळी दोघंच पास झाले. बारावा प्रश्न तिघांचा चुकला. पण पॅन नसलेल्या माणसाकडून फॉर्म ६० कधी घ्यायचा, हे सहा जणांना येत नव्हतं. त्यांत व्यवस्थापकही होते. पुढच्या आठवड्याचं प्रशिक्षण मी फॉर्म ६० पासून सुरू केलं.